‘ही गोळी चहातून दिली तर चालेल का?’ : कोल्हापूर जिल्ह्यातील औषध दुकानदारांना खुले पत्र

प्रिय औषध दुकानदार बंधू-भगिनींनो,



मी कोल्हापूर शहरात प्रामुख्याने म्हाताऱ्या माणसांवर उपचार करते. हे पत्र मी आरोग्य खात्याला किंवा माझ्या डॉक्टर मित्रांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्या प्रश्नाबद्दल मला बोलायचं आहे तो माझ्यापर्यंत पोचतच नाही. तो तुमच्या काउंटरवर विचारला जातो, तोही दबक्या आवाजात आणि बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर. ‘झोपेची एखादी गोळी असेल का? आमचे वडील घेत नाहीत हो. बारीक करून चहातून दिली तर चालेल का?’

हा प्रश्न विचारणारी माणसं दुष्ट नसतात, हे मला आधीच सांगायचं आहे. बहुतेक वेळा ती घरातली सून असते, नाहीतर नोकरी सांभाळून रात्र जागणारा मुलगा. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरात असलं की दिवेलागणीनंतर काय होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी या लोकांना नावं ठेवू नयेत. दिवसभर बरी असलेली व्यक्ती संध्याकाळी अस्वस्थ होते, ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढते, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही, रात्री दोन वाजता कपडे घालून बसते. मदतीला कुणी नसतं. शेजारी पहिल्या दिवशी सल्ला देतात आणि दहाव्या दिवशी तक्रार करतात. अशा घरात कुणीतरी सांगतं, की अमक्यांच्या आईला चहातून गोळी देतात, आता सगळं शांत आहे. तिथून ते तुमच्याकडे येतात.

पुढे काय होतं ते एका घराच्या निमित्ताने सांगते. हे घर कुणा एकाचं नाही. अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी मी मुद्दाम एकत्र केल्या आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्य शाहू मिलमध्ये गेलेलं. मिल बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण संध्याकाळ झाली की त्यांना पाळीवर जायचं असतं. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. सुनेला दोन वर्षांपूर्वी घबराटीसाठी डॉक्टरांनी अल्प्राझोलम 0.5 मिलिग्रॅम लिहून दिलं होतं. ती जुनी चिठ्ठी घेऊन मुलगा दुकानात गेला आणि दहा गोळ्यांची पट्टी घेऊन आला.

पहिल्या रात्री अर्धी गोळी खलबत्त्यात कुटून आठच्या चहात घातली. आण्णा झोपले. घरात कित्येक दिवसांनी सगळे झोपले. तिसऱ्या-चौथ्या रात्री गुण आला नाही, म्हणून अख्खी घातली. आठवड्याभरात सकाळी ते उठेनासे झाले, नाश्ता टळू लागला, दुपारीही डोळा लागू लागला, आणि दिवसा झोप झाल्यामुळे रात्री ते पुन्हा जागे. मग गोळ्या दोन झाल्या. रात्रीच्या कामाला ठेवलेल्या मावशींना सुनेने सांगून ठेवलं होतं, की फारच त्रास दिला तर डब्यातली पुडी दुधातून द्या. आपण आधीच चहातून दिलं आहे, हे सांगायचं एके दिवशी राहून गेलं.

इथे जरा थांबून गोळीकडे पाहू, कारण तिचा स्वभाव तुम्हाला माझ्याइतकाच ठाऊक आहे. अल्प्राझोलम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चहात घातलेली पूड कपाच्या तळाशी बसते. आण्णा शेवटचा घोट सोडणारे असतील तर त्यांना त्या दिवशी गोळीचा किती भाग मिळाला हे कुणीच सांगू शकत नाही. पाव असेल, अर्धा असेल, ढवळून दिला तर पूर्ण असेल. ‘आज काहीच परिणाम झाला नाही’ असं म्हणून दुसऱ्या दिवशी डोस वाढतो, आणि नेमका त्या दिवशी कप पूर्ण संपतो. उरलेला चहा नातवाने किंवा भांडी घासायला आलेल्या बाईने पिणं हाही आपल्या घरांतला अगदी शक्य असलेला प्रकार आहे.

दुसरी गोष्ट वयाची. तरुण निरोगी माणसाच्या रक्तातलं अल्प्राझोलम साधारण अकरा तासांत निम्मं होतं. वृद्धांमध्ये त्याला सरासरी सोळा तास लागतात, यकृत थकलेलं असेल तर आणखी जास्त. म्हणजे आज रात्री आठला दिलेल्या गोळीचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग उद्या रात्री आठला अंगात शिल्लक असतो, आणि त्यावर दुसरी गोळी पडते. काही दिवसांत आण्णांच्या रक्तातलं प्रमाण पहिल्या रात्रीच्या सुमारे दीडपट होतं, गोळी तेवढीच ठेवली तरी. डायझेपामचं तर विचारूच नका. ते आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारे घटक म्हाताऱ्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात. सकाळी न उठणारे आण्णा म्हातारपणाने थकलेले नव्हते. रात्रीची गोळी सकाळीही काम करत होती.

तिसरी गोष्ट गोळीच्या बांधणीची. पट्टीवर नावापुढे एसआर, सीआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. झोल्पिडेम सीआरची 12.5 मिलिग्रॅमची गोळी दोन थरांची असते. एक थर लगेच झोप आणण्यासाठी, दुसरा रात्रभर झोप टिकवण्यासाठी. ती कुटली की दोन्ही थर एकदम पोटात जातात. वृद्धांसाठी साध्या झोल्पिडेमचा शिफारस केलेला डोस 5 मिलिग्रॅम आहे, सीआरचा 6.25. तेव्हा कुटलेली 12.5 ची गोळी म्हणजे अंगात एकाच वेळी गेलेला दुपटीहून जास्त डोस. खलबत्त्याला ही अक्षरं वाचता येत नाहीत, आणि घाईत असलेल्या मुलालाही ती दिसत नाहीत. ती वाचणारे त्या वाटेवर फक्त तुम्ही असता.

परत आण्णांकडे येऊ. एके दिवशी चहा त्यांना कडू लागला. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘यात काहीतरी घातलंय.’ घरच्यांनी हसून सांगितलं, ‘काही नाही हो आण्णा, तुम्हाला उगाच वाटतं.’ मला या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत वाईट गोष्ट वाटते. स्मृतिभ्रंशात आपल्या अन्नात विष घालतात असा संशय बऱ्याच रुग्णांना येतो, आणि तो भ्रम आहे असं आम्ही नातेवाइकांना समजावतो. इथे संशय खरा होता. मोडकळीला आलेल्या मेंदूने एक गोष्ट अचूक ओळखली, आणि ज्यांच्यावर त्याचा विश्वास होता त्यांनी ती खोटी ठरवली. त्यानंतर आण्णांनी चहा सोडला. मग दूध सोडलं. मग सुनेच्या हातचं पाणीही ते घेईनात.

पाणी कमी झालं की म्हाताऱ्या शरीरात पुढचं सगळं वेगाने घडतं. चार दिवस शौचाला झाली नाही. लघवी गढूळ झाली, जळजळ होऊ लागली, पण जळजळ होते हे सांगण्याइतके शब्द आण्णांकडे उरले नव्हते. त्यांची अस्वस्थता दुप्पट झाली. ते भिंतीवर हात फिरवू लागले, समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागले, मध्येच गप्प होऊन शून्यात बघत बसू लागले. घरच्यांना वाटलं आजार वाढला. आता आमटीत गोळी पडू लागली.

स्मृतिभ्रंश सहसा दोन दिवसांत वाढत नाही. तो महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. जे दोन दिवसांत, कधी दोन तासांत घडतं, सकाळी बरं आणि संध्याकाळी भलतंच असं वर-खाली होतं, ज्यात माणसाचं लक्ष एका जागी क्षणभरही टिकत नाही, त्याला आम्ही डेलिरियम म्हणतो. ते बहुतेक वेळा मेंदूबाहेरच्या कशानेतरी होतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, साचलेला मळ, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीमुळे घसरलेलं सोडियम, मधुमेहाच्या गोळीने उतरलेली साखर, न सांगता येणारं दुखणं, अचानक सुटलेली दारू. कधी कारण तुमच्याच दुकानातून गेलेलं असतं. सर्दी-खाजेसाठीची, झापड आणणारी जुन्या पद्धतीची अॅलर्जीची गोळी म्हाताऱ्या माणसात गोंधळ वाढवते आणि लघवी अडवते. घरी ओळखायचं असेल तर रुग्णाला रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगावं. पंधरा दिवसांपूर्वी जे चार-पाच वार तरी म्हणत होते ते आज दुसऱ्या वारालाच हरवत असतील, तर काहीतरी नवीन घडलं आहे आणि डॉक्टरांनी आजच पाहायला हवं. या माणसाला झोपेची गोळी दिली की तो शांत होतो खरा, पण संसर्ग आत चालूच राहतो. ताप तपासायची, लघवी तपासायची जी एक खूण होती ती आपणच पुसून टाकतो. शिवाय हीच गोळी स्वतःही डेलिरियम घडवते, म्हणजे ज्यावर उपाय म्हणून ती दिली तेच वाढतं.

त्या रात्री दोन वाजता आण्णा उठले. पाय लटपटत होते. न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठेच लागली आणि मांडीचं हाड खुब्यात मोडलं. त्यांना रुग्णालयात नेलं तेव्हा ते अर्धवट ग्लानीत होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? मुलाने सांगितलं, रक्तदाबाची आणि मधुमेहाची. बाजूला आत्या उभी होती, चुलते उभे होते; सगळ्यांदेखत ‘चहातून झोपेची गोळी देतो’ असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. ग्लानी आहे म्हणून डोक्याला मार लागला असावा असं धरून आधी मेंदूचा सीटी स्कॅन झाला, त्यात रात्र गेली. दोन दिवसांनी वॉर्डात आण्णा थरथरू लागले, घाम फुटला, झोप पूर्ण गेली, नळ्या ओढू लागले. रोज मिळणारी गोळी अचानक बंद झाल्याची ही लक्षणं होती. अशा वेळी फिटसुद्धा येऊ शकते. पण गोळी चालू होती हे कागदावर कुठेच नसल्याने त्या खुणा कुणाला वाचता आल्या नाहीत, आणि दुखण्यामुळे चिडलेत असं समजून उपचार चालू राहिले.

औषध दिलं ही एक गोष्ट आणि ते लपवलं ही दुसरी, आणि आण्णांच्या बाबतीत अधिक घात दुसरीने केला. उघडपणे दिलेल्या गोळीची मात्रा कागदावर असते. सकाळी ग्लानी आली तर कुणीतरी ‘गोळी जास्त होतेय का?’ असं विचारतं. रात्रीच्या मावशींना माहीत असतं. रुग्णालयात पट्टी दाखवली जाते. आणि माणूस स्वतः, अगदी गोंधळलेलं असलं तरी, ‘त्या गोळीने मला गरगरतं’ एवढं सांगू शकतं. लपवलेल्या गोळीला यातला एकही पहारेकरी उरत नाही.

घास आणि घोट यांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती हाड मोडण्याइतकी दिसत नाही. झोपेच्या गोळीने गिळण्याची क्रियाही मंदावते. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पेज किंवा चहा घातला तर तो थेंब-थेंब श्वासनलिकेत उतरतो. पातळ पदार्थ घट्टापेक्षा जास्त धोक्याचे. जेवताना खोकला, जेवल्यावर घशात पाणी असल्यासारखा ओला आवाज, संध्याकाळी बारीक ताप, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया, हा क्रम आम्ही वारंवार पाहतो. ज्याला दमा आहे, ज्याला रात्री घोरताना श्वास अडकतो, जो सोबत ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतो, त्याच्यात तर श्वासच मंद होऊ शकतो.

काही घरांत झोपेच्या गोळीच्या जागी मनोविकारावरची औषधं येतात: रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, किंवा चव नसलेले हॅलोपेरिडॉलचे थेंब. चव नाही म्हणून थेंब लपवायला सोपे. या औषधांना कधीकधी खरोखर जागा असते. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर आम्हीही थोड्या दिवसांसाठी, थोड्या मात्रेत ती देतो. पण 2005 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांवरच्या, साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 4.5 टक्के दगावले होते, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6 टक्के. पुढे जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. आणि लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे, ज्यात रुग्णाला स्पष्ट, जिवंत माणसं-जनावरं दिसतात. नेमकी हीच तक्रार घेऊन नातेवाईक थेंब मागतात, आणि नेमका याच रुग्णात तो थेंब सगळं अंग लाकडासारखं ताठ करू शकतो, कधी जीवही घेतो.

आपल्या देशात लपवून औषध देणं नवं नाही. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया संशोधन संस्थेतल्या टी. एन. श्रीनिवासन आणि आर. तारा यांनी 2002 साली याबद्दल लिहिलं होतं. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण औषध घेत नाही म्हणून कुटुंबं ते जेवणातून देतात, आणि यामागे बहुतेक वेळा हतबलता असते, हे त्यात दिसतं. म्हणून मी असं म्हणत नाही, की जेवणातून औषध कधीच देऊ नये. फिटची गोळी, हृदयाची गोळी, जी न मिळाल्याने माणूस मरेल, आणि जी का घ्यायची हे समजण्याची त्याची क्षमता पूर्ण गेली आहे, अशा वेळी डॉक्टर, घरचे आणि औषध जाणणारा माणूस एकत्र बसून, कोणत्या पदार्थातून, किती, किती दिवस हे लिहून तसा निर्णय घेऊ शकतात. इंग्लंडमधल्या एका न्यायालयाने 2016 मध्ये अल्झायमर झालेल्या एका वृद्ध बाईच्या प्रकरणात सांगितलं, की लपवून औषध देणं हा माणसाच्या खासगी आयुष्यात गंभीर हस्तक्षेप आहे; सल्लामसलत आणि ठरावीक काळाने फेरविचार यांशिवाय तो करता येणार नाही. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही सुरुवात इथूनच करतो, की स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येकात आहे असं आधी धरावं, आणि माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी. ‘बाबांना काही कळत नाही’ हे आपण ठरवून टाकतो. अनेकदा त्यांना चहा हवा की दूध, झोपायचं की बसायचं, एवढं नीट कळत असतं, आणि ‘ही झोपेची गोळी आहे, घ्याल का?’ याचं उत्तरही देता येत असतं.

आणखी एक कडू गोष्ट. ग्लानीतल्या माणसाचा अंगठा कुठेही उठवता येतो. सातबाऱ्यावरच्या वाटणीचा वाद असलेल्या घरातून झोपेच्या गोळ्यांची मागणी येते तेव्हा ती हतबलताच असेल असं आपण गृहीत धरू शकत नाही. काउंटरवर दोन्ही प्रकारची माणसं सारखीच दिसतात. म्हणूनच चिठ्ठीचा नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो.

तो नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 2014 च्या मार्चपासून एच-1 अनुसूचीत आहेत. त्यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहून करायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. आण्णांच्या घरी आलेली पट्टी सुनेच्या नावावर वहीत चढली असती तरी ती चुकीचीच नोंद होती. माझी विनंती आहे, की ‘रुग्णाचं नाव’ या रकान्याकडे कारकुनी काम म्हणून पाहू नका. ‘ही गोळी घेणारं माणूस कोण, वय किती?’ एवढं विचारलं, आणि उत्तर ‘सासरे, अठ्ठ्याहत्तर’ असं आलं, पण चिठ्ठी दुसऱ्याच कुणाच्या नावाची निघाली, की पट्टी फडताळात परत गेली पाहिजे.

पण नुसतं ‘नाही’ म्हणून चालणार नाही, हे मला कळतं. तो मुलगा पुढच्या दुकानात जाईल. त्याला तुम्ही दोन मिनिटं द्यावीत, एवढंच मागते. हे कधीपासून सुरू झालं, असं विचारा. ‘परवापासून’ असं उत्तर आलं तर त्याला दवाखान्यात पाठवा, त्याच दिवशी. सीपीआर रुग्णालय आहे, तालुक्याला ग्रामीण रुग्णालयं आहेत. ‘वर्षभरापासून, संध्याकाळी’ असं आलं तर त्याला दुखण्याबद्दल विचारा. गुडघे, दात, पाठ, न शमलेलं मूळव्याधीचं दुखणं. नॉर्वेत 2011 मध्ये अठरा शुश्रूषागृहांतल्या स्मृतिभ्रंशाच्या 352 रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. एका गटात दुखण्यावर पायरीपायरीने उपचार केले, पहिली पायरी बहुतेकांसाठी पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्या गटातली अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा 17 टक्क्यांनी कमी झाली. पाळीवर जायची घाई झालेल्या आण्णांचा गुडघा दुखत होता का, हे कुणी विचारलंच नव्हतं. दिवे लवकर लावणं, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं, चारनंतरचा चहा बंद करणं, झोपायच्या आधी लघवीला नेणं, आणि ‘मिल बंद झाली आहे’ असा वाद न घालता ‘आज सुट्टी आहे, या, जेवून घेऊ’ म्हणणं, यांनी सगळ्या रात्री शांत होत नाहीत. पण बऱ्याच होतात, आणि कुणाचा खुबा मोडत नाही.

डॉक्टरांनी विचार करून गोळी दिलीच असेल तर ती हातात द्या, नाव सांगून द्या, असं त्यांना सांगा. नाही म्हणाले तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारा, दुसऱ्या माणसाने विचारा. तरीही नाही म्हणाले तर एक रात्र गोळी चुकली म्हणून काही बिघडत नाही, डॉक्टरांना कळवा.

आणि जो मुलगा सांगेल की आम्ही महिनाभर देतोच आहोत, त्याला घाबरवू नका आणि ‘आजपासून बंद करा’ असंही सांगू नका. रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवणं धोक्याचं आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवावी लागते. त्याने घरातली पट्टी घेऊन डॉक्टरकडे जावं, किती दिली आणि कशातून दिली ते खरं सांगावं. हाक मारून, हलवून जागं होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर 108 ला फोन, कुशीवर झोपवणं, तोंडात पाणी-चहा काहीही न घालणं, उलटी करवण्याचा प्रयत्न न करणं, आणि पट्टी सोबत नेणं. ही एवढी वाक्यं एका कागदावर मराठीत छापून काउंटरच्या काचेखाली ठेवता आली तर बघा. मजकूर मी लिहून देईन, आणि तुमच्या संघटनेच्या बैठकीला बोलावलंत तर येईन.

मानसिक आरोग्याची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567. हे दोन आकडे त्या कागदावर तळाशी मोठ्या अक्षरांत घाला, आणि आजपासून पंचाहत्तरीपुढच्या माणसासाठी कुणी एच-1 ची गोळी मागितली तर तो कागद त्याच्या हातात दिल्याशिवाय त्याला परत पाठवू नका.

आपली,
वृद्धांवर उपचार करणारी एक डॉक्टर, कोल्हापूर